आत्याचे उकडीचे मोदक आणि पुरवठ्याची लवचिकता: एकाच पत्रकातून दोन उत्तरं का?

माजघर
मुलगी बारावी कॉमर्सला आहे. पुस्तकातलं पुरवठा पत्रक तिला अगदीच कोरडं वाटत होतं, म्हणून मी म्हटलं, आपल्या आत्यालाच विचारू. माझी आत्या गिरगावात राहते आणि गणपतीत घरून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. तिला मी एकच प्रश्न दोनदा विचारला. "आत्या, नगाला अमुक भाव मिळाला तर चतुर्थीच्या दिवशी तू किती मोदक देशील?" पहिल्यांदा या वर्षासाठी, म्हणजे गणपतीला आठच दिवस उरले आहेत असं धरून. दुसऱ्यांदा पुढच्या वर्षासाठी, हाच भाव मिळणार हे आजच नक्की कळलं असं धरून. तिने दिलेले आकडे असे:

| एका नगाचा भाव (रु.) | या वर्षी (नग) | पुढच्या वर्षी (नग) |
|---|---|---|
| २५ | ४०० | ४०० |
| ३० | ४४० | ५६० |
| ३५ | ४७० | ७२० |
| ४० | ४८० | ८८० |

आता अडचण. या वर्षीच्या रकान्यात २५ वरून ३० ला गेलं तर भाव २० टक्के वाढतो, मोदक १० टक्के वाढतात. मोदकांचा टक्का भागिले भावाचा टक्का, म्हणजे लवचिकता ०.५. मुलीने तेच उलट केलं, ३० वरून २५. भाव १६.६७ टक्के घटला, मोदक ९.०९ टक्के घटले. उत्तर ०.५५. दोन्ही ओळी त्याच, आत्या तीच, मग दोन उत्तरं कशी? आणि दोन रकान्यांत एवढा फरक का पडतो, हे पुस्तकातल्या "अल्पकाळात पुरवठा कमी लवचिक असतो" या एका ओळीपलीकडे कुणी समजावून सांगेल का?

मोदकखाऊ
माझ्या मते ३५ च्या पुढे आत्याने जाऊच नये. आमच्या दादरच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका काकूंनी भाव वाढवला, तर निम्म्या लोकांनी घरीच करायचं ठरवलं. भाव वाढला की माल कमीच जाणार.

हिशेबनीस
@मोदकखाऊ, तुम्ही घेणाऱ्यांचं सांगताय. ताईंचा प्रश्न करणारीच्या बाजूने आहे. भाव मिळाला तर ती किती करायला तयार आहे, एवढंच या पत्रकात आहे.

@माजघर, दोन उत्तरांचं कारण सोपं आहे. टक्केवारी कशावर काढता, त्यावर सगळं. पाच रुपये २५ चे २० टक्के होतात आणि ३० चे साडेसोळाच्या वर थोडे. म्हणून दोन्ही टोकांची सरासरी पायथ्याला घ्यायची. भाव: ५ भागिले २७.५, म्हणजे १८.१८ टक्के. मोदक: ४० भागिले ४२०, म्हणजे ९.५२ टक्के. भागाकार ०.५२. कुठूनही निघा, हेच येईल.

दुसऱ्या रकान्यात तर आणखी सोपं आहे. दर पाच रुपयांना बरोबर १६० मोदक वाढतात, सरळ रेष आहे. म्हणजे लवचिकता सगळीकडे सारखीच. एकदाच काढा, काम झालं.

माजघर
सरासरीचं पटलं. मुलीने लगेच वहीत लिहून घेतलं. पण तुमच्या शेवटच्या वाक्यावर ती अडली. तिने तिन्ही टप्पे काढले तर तीन वेगळी उत्तरं आली: १.८३, १.६३ आणि १.५. तिचं चुकलं का?

खडूफळा
तिचं चुकलेलं नाही. पोरीला शाबासकी सांगा. मी तीस वर्षं हा विषय शिकवला आणि ही चूक दरवर्षी वर्गातल्या चांगल्या मुलांकडूनच व्हायची.

हिशेबनीस, तुमचं सरासरीचं अगदी बरोबर आहे. पण सरळ रेषेचा उतार आणि लवचिकता या दोन गोष्टी आहेत. उतार मोदकांत आणि रुपयांत मोजला जातो, लवचिकता टक्क्यांत. ४०० मोदक करणारीला आणखी १६० म्हणजे मोठी उडी. ७२० करणारीला तेच १६० त्या मानाने कमी. पाच रुपयांचंही तसंच, पण मोदकांचा टक्का जास्त झपाट्याने उतरतो, म्हणून भागाकार घसरत जातो.

एक गंमत करून बघा. ती रेष खाली वाढवत न्या. दर पाच रुपयांना १६० या हिशेबाने मोदक शून्य होतात तेव्हा भाव साडेबारा रुपये असतो. म्हणजे रेष भावाच्या अक्षाला शून्याच्या वर छेदते. अशी रेष कितीही उभी काढा नाहीतर आडवी, तिची लवचिकता प्रत्येक जागी एकाच्या वर राहते आणि भाव वाढेल तशी एकाकडे सरकते. रेष थेट शून्यातून निघाली तर सगळीकडे नेमकी एक. आणि नगांच्या अक्षाला छेदून निघाली तर सगळीकडे एकाहून कमी. परीक्षेत आलेख बघून "उभी रेष, म्हणून अलवचिक" असं लिहितात, ते म्हणूनच फसतं. अक्षांचं माप बदललं की तीच रेष आडवी दिसू लागते.

हिशेबनीस
मान्य. उताराला मी लवचिकता समजत होतो. पण मग या वर्षीच्या रकान्याचं काय? तो सरळही नाही. ४०, मग ३०, मग १०.

खडूफळा
तेच तर बघण्यासारखं आहे. माजघर, तो रकाना सरासरीने शेवटपर्यंत काढा. मग आत्याबाईंना विचारा की तिसाव्या रुपयाला वाढलेले ४० मोदक कुठून आले आणि चाळिसाव्याला फक्त १० का. उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरात आहे.

नारळी_पौर्णिमा
मी वेसाव्याची. आईबरोबर मासळी बाजारात बसते. कॉलेजात हा धडा झाला तेव्हा मला वाटलं, हे तर आमचंच सांगताहेत.

होडी बंदराला लागली की टोपलीत जेवढं आहे तेवढंच. त्या सकाळी पापलेटाला दुप्पट भाव मिळाला तरी समुद्रातून आणखी एकसुद्धा येत नाही. बर्फात घालून एखाद दिवस मागे ठेवता येतं, तेवढीच काय ती लवचिकता. भाव चढाच राहिला तर मोठ्या बोटी लवकर निघतात, जास्त बर्फ आणि डिझेल भरून लांब जातात, पण तो माल यायला काही दिवस जातात. आणि नवी बोट बांधायची तर पैसा, परवाना, खलाशी, सगळंच आलं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदीच असते. तेव्हा भाव काहीही होवो, त्या बोटी शाकारलेल्याच. तेव्हा बाजारात असतं ते बिगरयांत्रिक होड्यांचं, बाहेरून आलेलं, बर्फातलं आणि सुकवलेलं.

खडूफळा
@नारळी_पौर्णिमा, तुम्ही जे लिहिलंत तेच उदाहरण आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली दिलं होतं. तेही मासळीचंच. वाऱ्यापावसाने एका दिवसापुरती मासळी कमी-जास्त होणं हा पहिला काळ. गुरांच्या रोगाने मटण महागलं आणि वर्ष-दोन वर्षं लोक मासे जास्त खाऊ लागले तर दुसरा काळ: जुन्या, मोडकळलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, दुसऱ्या कामातले खलाशी मासेमारीला येतात. आणि लोकांची आवडच कायमची बदलली तर तिसरा: नव्या होड्या बांधल्या जातात, पोरं नव्याने हा धंदा शिकतात. यात महिने मोजलेले नाहीत, काय बदलता येतं आणि काय नाही ते मोजलंय. मोदकाचा दीर्घकाळ एका वर्षाचा असेल, बोटीचा बऱ्याच वर्षांचा.

चाळकरी
मग मुंबईतल्या घरांचा दीर्घकाळ किती? आमच्या चाळीचा पुनर्विकास मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. आता माझा मुलगा शाळेत आहे.

हिशेबनीस
@चाळकरी, तिथे नुसता वेळ नाही. जमीन, चटईक्षेत्र, रहिवाशांची संमती, कोर्ट. भाव वाढून यातलं किती सुटतं हे मला तरी सांगता येणार नाही. त्याला वेगळा धागा काढा, आम्ही येऊ.

वसईची_सुगरण
मी पण मोदक करते. माझ्या वहीतून सांगते. २०१९ ला नग २० रुपये होता, ३०० दिले. २०२३ ला ३० रुपये लावला, २६० दिले. भाव वाढला आणि माझा पुरवठा कमी झाला. म्हणजे माझी लवचिकता उणे आली का? माझ्या बाबतीत हा नियम उलटा दिसतोय.

खडूफळा
नाही ताई, नियम उलटा नाही. आधी मला सांगा, २०१९ आणि २०२३ मध्ये तुमच्या घरात काय बदललं?

वसईची_सुगरण
२०१९ ला सासूबाई होत्या. कळ्या त्याच घालायच्या. त्या गेल्यावर मी एकटी. नारळही महाग झालाय.

खडूफळा
मग ते दोन आकडे एका पत्रकाच्या दोन ओळी नाहीत. दोन निरनिराळ्या पत्रकांतली एकेक ओळ आहे. सासूबाईंचे हात गेले, नारळ महागला, म्हणून तुमचं पूर्ण पत्रकच मागे सरकलं. आज तुम्हाला २० रुपयेच मिळाले असते तर २६० सुद्धा केले नसते, बरोबर? २० ला आज किती केले असते आणि ३० ला किती, ते मनाशी विचारा. त्या दोन आकड्यांवरून तुमची लवचिकता निघेल.

माजघर यांनी आत्याला जो प्रश्न विचारला तो यासाठीच नेमका आहे. बाकी सगळं तसंच राहून फक्त भाव बदलला तर काय, हे त्यांनी विचारलं. जुन्या विक्रीच्या वहीत तसं कधीच मिळत नाही. तिथे भावाबरोबर माणसं बदलतात, नारळ बदलतो, गिऱ्हाईकही बदलतं.

वसईची_सुगरण
२० ला दीडशेच्या वर नक्कीच केले नसते. आता कळलं.

रात्रपाळी
थोडी शंका. आत्या आपला भाव स्वतःच ठरवते ना? बाजारात मोदकाचा एक ठरलेला भाव नाही. मग "अमुक भाव मिळाला तर किती" हा प्रश्नच तिच्यासाठी कृत्रिम आहे. पुरवठा वक्र काढायचा तर विकणाऱ्याला भाव बाहेरून मिळायला हवा. मासळीच्या लिलावात तसं होतं. आत्या आधी गिऱ्हाइकांकडे बघून भाव आणि नग एकत्रच ठरवत असणार.

खडूफळा
@रात्रपाळी, तुमचा आक्षेप खरा आहे आणि तो मी पूर्ण खोडणार नाही. काटेकोर बोलायचं तर भाव स्वतः ठरवणाऱ्याला पुरवठा वक्र नसतो. माझं म्हणणं एवढंच की गिरगावात आत्यासारख्या पुष्कळ जणी आहेत आणि आजूबाजूला चाललेल्या भावापासून कुणी फार लांब जाऊ शकत नाही. तेवढ्यापुरता भाव बाहेरून आलेला समजायला हरकत नसावी.

रात्रपाळी
हातची चव ठाऊक असलेलं गिऱ्हाईक पाच रुपये जास्त देतंच. मला नाही पटलं, पण उदाहरण म्हणून चालेल.

माजघर
आज आत्याकडे जाऊन आले. मुलीलाही नेलं होतं, वही घेऊन. सविस्तर लिहिते.

या वर्षीच्या रकान्याची उत्तरं सरासरीने ०.५२, ०.४३ आणि ०.१६ आली. खडूफळा सर, तुम्ही विचारायला सांगितलं ते विचारलं.

४०० मोदक म्हणजे पहाटे पाचला सुरुवात. आत्या आणि शेजारच्या काकू, दोघी कळ्या घालणार. नैवेद्य दुपारी, म्हणून अकरापर्यंत सगळे डबे बाहेर पडायलाच हवेत. भाव ३० झाला तर दोघी चारला उठतील, वरचे ४० त्यातून येतात. सहा तासांचे सात झाले तरी मोदक एक दशांशच वाढतात, कारण पहिला तास उकड काढण्यात आणि भांडी तापण्यात जातो आणि शेवटच्या तासात बोटं दुखायला लागतात. ३५ झाला तर आतेभावाला बसवेल. त्याच्या हातचे निम्मे मोदक फुटतात, पण तीसेक चांगले निघतात. ४० झाला तर? आत्या म्हणाली, "मग आणखी कुठून आणू गं? दहा करीन इकडून तिकडून." तिथे भिंतच आहे.

मी विचारलं, नारळ, तांदळाची पिठी, गूळ? ती म्हणाली, "ते काय, फोन केला की संध्याकाळी दारात. अडतं ते हातांपाशी." बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कच्चा माल मिळाला की माल वाढला. इथे कच्चा माल हवा तेवढा आहे, कळी घालणारे हात आठ दिवसांत तयार होत नाहीत.

मग मुलीने विचारलं, आदल्या रात्री करून का नाही ठेवत? आत्याने तिला परातीतली उकड हातात दिली. गरम असताना मळली तर लोण्यासारखी, गार झाली की कळी ओढताच चिरते. आणि केलेला मोदक रात्रभर राहिला की पारी कडक होते. तळलेले मोदक मात्र ती दोन दिवस आधीपासून करून ठेवते. त्यांचा भाव वाढला तर जास्त देऊ शकते, कारण आदल्या दोन दिवसांचे तासही तिच्या हाताशी असतात. नारळी_पौर्णिमा, तुमचा बर्फ आणि सुकी मासळी वाचलेली होती म्हणून हे चटकन लक्षात आलं. टिकणाऱ्या मालाला वेळ उसना घेता येतो.

आता पुढच्या वर्षीचा रकाना. दर १६० म्हणजे एक नवीन बाई. २५ मध्ये तिला कुणाला ठेवणं परवडतच नाही, म्हणून दोन्ही रकान्यांत ४००. ३० मिळाले तर चाळीतल्याच एकीला श्रावणापासून शिकवायला घेईल. ३५ ला दुसरी, ती ठाकुरद्वारची, तिला थोडे जास्त द्यावे लागतील. ४० ला तिसरी, जी विरारहून पहिल्या लोकलने येईल, तिचा प्रवास धरून आणखी जास्त. शिवाय एक मोठं मोदकपात्र आणि शेजारची खोली चार दिवस भाड्याने. हे सगळं आठ दिवसांत होण्यासारखं नाही. पण वर्ष हातात असलं तर होतं. म्हणून त्याच ५ रुपयांना या वर्षी ४० मोदक आणि पुढच्या वर्षी १६०.

नारळी_पौर्णिमा
पहिल्या लोकलने येणारी बाई वाचून आईची आठवण आली. वेळ मिळाला तरी प्रत्येक पुढचा हात जरा जास्त लांबून, जास्त खर्चाने येतो. म्हणून दीर्घकाळातही भाव वाढल्याशिवाय माल वाढत नाही.

खडूफळा
मी तीस वर्षांत हे इतकं नीट सांगू शकलो नव्हतो. फक्त एक सावधगिरी. पुढच्या वर्षीचा रकाना आत्याचा अंदाज आहे. सगळ्याच मोदकवाल्यांना वर्षभर आधी ४० रुपये दिसले तर सगळ्याच बायका शोधतील, त्यांची मजुरी चढेल. मग ८८० होणार नाहीत, लवचिकताही १.५ हून कमी निघेल.

हिशेबनीस
आता माझी शंका. सरासरी घेतल्याने वर जाताना आणि खाली येताना उत्तर एकच येतं. पण आत्याने एकदा मोठं पात्र घेतलं, तिघी शिकवून तयार केल्या आणि त्यानंतर भाव ४० वरून २५ वर आला, तर ती खरंच ४०० वर परत येईल का? पात्राचे पैसे तर गेलेले असतील.

रात्रपाळी
चांगला प्रश्न. माझ्या मते नाही येणार. वर जाणारा रकाना आणि खाली येणारा रकाना वेगळा असणार. भांडं विकून पैसे परत मिळत नाहीत आणि शिकलेला हात विसरत नाही.

खडूफळा
सहमत. पत्रक वाचताना आपण दोन्ही दिशांना सारखंच धरतो, ती त्याची मर्यादाच आहे. खाली येताना आत्याला एवढंच बघायचं असतं की त्या दिवशीचा नारळ, गॅस आणि मजुरी सुटते का.

मोदकखाऊ
पण यंदा २५ ला देणार की ३० ला?

माजघर
@हिशेबनीस, तुमची शंका मी फोनवर आत्याला विचारली. ती म्हणाली, "बायकांना श्रावणात शब्द दिला की भाव पडला म्हणून चतुर्थीला नको म्हणता येत नाही. सातशे तरी करावेच लागतील." म्हणजे ४० वरून २५ ला आलं तरी ४०० नाही, ७०० च्या आसपास. मुलीने वहीत तिसरा रकाना आखलाय, खाली उतरणारा. २५ समोर ७०० लिहिलेत, मधल्या दोन ओळी रिकाम्या आहेत. त्या भरायला रविवारी पुन्हा गिरगावात जायचं ठरलंय.

@मोदकखाऊ, यंदा ३०. ऑर्डरी ४३२ झाल्यात, आठ उरलेत.